बिलावरचा फोन नंबर बदलून घेताना

आमच्या दुकानातला स्टोअरकीपर नोकरी सोडून गेला, तरी मालाच्या गाडीचा ड्रायव्हर त्यालाच फोन करत राहिला. नंबर बदलल्याचा ईमेल मी केला होता. बिलावर नवा नंबर आलाही, पण डिलिव्हरी चलनावर जुनाच राहिला. कारण पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलाचा पत्ता आणि माल उतरवायचा पत्ता वेगवेगळे असतात आणि दोन्हींखाली नंबर स्वतंत्रपणे भरलेला असू शकतो. तेव्हापासून मी असं लिहितो:

"विषय: संपर्क क्रमांकात दुरुस्ती – (दुकानाचे नाव, जीएसटी क्रमांक)

आपल्या दि. … च्या बिल क्र. … वर आमचा जुना नंबर … छापला आहे. त्याऐवजी … हा नंबर बिलाचा पत्ता आणि डिलिव्हरीचा पत्ता, दोन्हीकडे नोंदवावा. प्रलंबित ऑर्डर क्र. … मध्येही तो बदलावा. पुढच्या बिलाची व चलनाची पीडीएफ माल निघण्यापूर्वी पाठवावी."

सोबत चुकीचा नंबर असलेल्या बिलाचा आणि चलनाचा फोटो जोडा. प्रलंबित ऑर्डरचं वाक्य गाळू नका. ऑर्डर नोंदवतानाच जुना नंबर तिच्यात उतरलेला असू शकतो. जुनी बिलं मात्र पुन्हा मागू नका, कारण जीएसटीच्या बिलावर ग्राहकाचा फोन नंबर बंधनकारक नाही.