पेन्सिलीचा आकडा पाहून फसू नका, आधी भिंग लावा

तालुक्याच्या गावी माझं फ्रेमचं दुकान आहे. तूर-कापसाचे पैसे हातात आले की लोक वाड्यातली जुनी चित्रं नव्या काचेसाठी घेऊन येतात. चित्राखाली पेन्सिलीने आकडा असला की हमखास ऐकू येतं, "भाऊ, नंबर टाकेल हाय, मंग अस्सलच असन." हा सल्ला कुणी पसरवला कोण जाणे, पण त्याने बरेच जण फसलेत.

चित्र फ्रेममधून बाहेर काढा, खिडकीच्या उजेडात ठेवा. सोनाराकडे असतं तसं दहापटीचं भिंग घ्या.

आधी आकडा. ३८/१५० म्हणजे दीडशे प्रतींपैकी अडतिसावी. कागद तिरपा धरला की खऱ्या पेन्सिलीची रेघ राखाडी चमकते आणि कागदावर किंचित दाब उमटलेला दिसतो. छापलेली सही सपाट राहते. पण पेन्सिल खरी निघाली तरी त्यातून एवढंच कळतं, की कुणीतरी हाताने लिहिलं. मूळ रंगचित्राचा फोटो काढून ऑफसेटवर दीडशे प्रती छापायच्या आणि चित्रकाराने प्रत्येकीवर सही करायची, हेही चालतं. अशा प्रती मर्यादित असतात, सहीही खरी असते, पण ते चित्रकाराने स्वतः ठशावरून, दगडावरून किंवा पडद्यावरून काढलेलं मुद्राचित्र नव्हे.

कागदावरून थोडा अंदाज येतो. गुळगुळीत, चकाकणारा आर्ट पेपर दिसला की मी सावध होतो. धातूच्या कोरलेल्या पत्र्यावरून घेतलेल्या छापात चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा खळगा असतो आणि बाजूने उजेड टाकला तर शाईच्या रेघा उठून दिसतात. मात्र जाड सुती कागदावर हल्ली इंकजेटनेही छापतात, त्यामुळे निकाल भिंगच देतं.

आता ठिपके. मी इथेच आपटलो होतो. एका गुरुजींनी बैलगाडीचं चित्र आणलं. भिंगातून ठिपके दिसले आणि मी बेधडक सांगून टाकलं, "कॅलेंडरछाप आहे." त्यांनी ते रद्दीत दिलं. पुढे शिकल्यावर कळलं, की ते दगडावरून छापलेलं लिथोग्राफ होतं. खरखरीत दगडावर तेलकट खडू फिरवला की त्याचेही ठिपकेच उमटतात. म्हणून "ठिपके दिसले की नकली" हे वाक्य कुणी ऐकवलं तर त्याच्याकडून चित्र विकत घेऊ नका, त्याला विकूही नका.

ठिपके आहेत की नाहीत यापेक्षा ते कसे बसलेत ते पाहा. आधी घरातली रंगीत फोटोची लग्नपत्रिका भिंगाखाली धरा. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे ठिपके रांगेने दिसतील, मध्येच त्यांची फुलासारखी कडी बनलेली असेल. गडद जागी ठिपका मोठा, फिकट जागी लहान, पण एका रंगाच्या दोन ठिपक्यांच्या मध्यांमधलं अंतर तेच राहतं. खडूच्या ठिपक्यांना रांग नसते, आकार वेडावाकडा असतो, अंतरही बदलतं.

पाहायची जागा गडद सावलीत नको, तिथे सगळं एकमेकांत मिसळतं. आभाळ, अंगाचा रंग किंवा फिकट माती घ्या. आणि तपकिरी रंग जरूर तपासा. मुद्राचित्रात चित्रकाराने तपकिरी शाई वापरली असेल तर भिंगाखालीही ती तपकिरीच दिसते. ऑफसेटमध्ये तपकिरी नावाची शाई सहसा नसतेच, ते पिवळ्या, किरमिजी आणि निळ्या ठिपक्यांचं मिश्रण असतं. इंकजेटमध्ये रांगा नसतात, रंगीत बारीक तुषार असतात, म्हणून लोक त्याला अस्सल समजतात. तपकिरीची परीक्षा तिथेही कामी येते.

याला मर्यादा आहे. काही चित्रकार स्क्रीन प्रिंटमध्ये फोटोचे मोठे ठिपके मुद्दाम वापरतात. निव्वळ काळ्या छापात तपकिरीची परीक्षा लागू होत नाही. तिथे रेघेची कड पाहा. फोटोवरून जाळीने छापलेली रेघ ठिपक्यांत तुटते.

मागच्या उन्हाळ्यात दारव्ह्याकडच्या एका शेतकऱ्याने ३८/१५० लिहिलेलं शेताचं चित्र आणलं. वडिलांनी नागपुरात घेतलेलं. पेन्सिल चमकत होती, दाबही होता. कागद मात्र चकचकीत. आभाळात फुलांची कडी स्पष्ट दिसली, नांगरटीची माती तीन रंगांत फुटली. आणखी गंमत म्हणजे कोपऱ्यात पिवळा डाग होता, ओल लागल्यासारखा. भिंग लावलं तर डागही ठिपक्यांचाच! म्हणजे डाग मूळ चित्रावर होता, फोटोत आला आणि दीडशे प्रतींवर छापला गेला.

त्यांना मी स्वच्छ सांगितलं, "काका, सही हातची आहे, चित्र ऑफसेटचं." फ्रेमच्या मागे तेवढंच लिहून दिलं आणि साधी काच लावली.