वाळवंटातली गाडी: ऑइल किती जाड, कूलंट किती कडक?

दुबई-शारजात नव्याने आलेल्या माणसाचं लायसन्स झालं की पुढचं पाऊल म्हणजे जुनी गाडी. बजेट बेताचं असेल तर ती बहुधा शारजातून घेतलेली, जाहिरातीत ‘अमेरिकन स्पेक’, म्हणजे अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेली, असं लिहिलेली असते. आखातासाठी बनवलेल्या गाडीपेक्षा ती हजारो दिरहॅमनी स्वस्त मिळते. घ्यायला हरकत नाही, पण मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, नावावर झाल्यावर टायर आणि एसीइतकंच लक्ष दोन गोष्टींकडे द्या: इंजिनात कोणत्या ग्रेडचं ऑइल आहे आणि रेडिएटरमध्ये नेमकं काय भरलेलं आहे.

विदर्भातले मित्र म्हणतात, आम्हाला उन्हाचं काय सांगता, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४६ च्या पुढे जातो. खरं आहे. इथे अल ऐनच्या रस्त्यावरच्या सुवैहानला मे २०२५ मध्ये ५१.६ अंश नोंदले गेले, पण गाडीच्या दृष्टीने मोठा फरक त्या आकड्याचा नाही. तिकडे मृगाच्या सरी आल्या की सुटका होते. इथे मे ते सप्टेंबर एसी कधी बंद होत नाही, ऑगस्टच्या रात्रीही पारा तिशीखाली उतरायला तयार नसतो, आणि गाडी एक तर १२० ने धावत असते किंवा शारजा-दुबई रस्त्यावर संध्याकाळी तासभर गोगलगायीसारखी सरकत असते. इंजिनाला यातली दुसरी परिस्थिती जास्त जड जाते.

त्याचं कारण असं. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे आतलं कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पुण्यात ३२ अंशाची हवा आणि ९५ अंशाचं कूलंट असेल, तर फरक ६३ अंशांचा. इथे हवा ४६ अंश, डांबराजवळची त्याहून गरम, आणि ती रेडिएटरला पोचण्याआधी एसीच्या कंडेन्सरमधून जाते, म्हणजे एसीने गाडीतून काढलेली उष्णता सोबत घेऊन येते. रेडिएटरपर्यंत येताना ती सहज ६०-६५ अंशांची होते. उरला फरक तीसेक अंशांचा. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण काम निम्म्यावर आलं. आखाती गाड्यांना बऱ्याचदा मोठा रेडिएटर आणि दमदार पंखा दिलेला असतो तो यासाठीच. अमेरिकन गाडीत तो असेलच असं नाही.

आधी कूलंटचं बघू, कारण घोळ बहुतेक तिथेच असतो. आपल्याकडे कूलंट म्हणजे थंड देशात पाणी गोठू नये म्हणून घालायची गोष्ट, असा एक समज आहे. त्यामुळे पातळी खाली गेली की नळाचं पाणी घालायचं आणि विसरायचं. पुण्याच्या हवेत, शहरातल्या वेगात, ते बराच काळ खपूनही जातं. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे पाणी उशिरा गोठतं तसंच उशिरा उकळतंही, आणि त्याच्या सोबत असलेली रसायनं ॲल्युमिनियम, वॉटर पंप आणि गॅस्केट यांना गंजापासून वाचवतात. वाळवंटात गोठण्याचा प्रश्न येत नाही, पण उरलेल्या दोन्ही गोष्टी लागतात.

आकड्यांत सांगायचं तर साध्या हवेच्या दाबाला पाणी १०० अंशांना उकळतं आणि निम्मं पाणी-निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण साधारण १०७ ला. सातच अंश? हो. खरी कमाल रेडिएटरच्या झाकणाची आहे. ते साधारण १.१ बारचा जादा दाब धरून ठेवतं, त्याने मिश्रणाचा उत्कलनबिंदू १३० च्या आसपास जातो. झाकणाचं रबर उन्हाने कडक झालं आणि दाब गळू लागला, तर कितीही महागडं कूलंट भरा, वीसेक अंशांची ती गादी गेली. म्हणून जुनी गाडी घेतली की झाकण नवीन घालावं, त्याच दाबाचं. आकडा झाकणावरच छापलेला असतो. एवढ्या कमी पैशात इतकं काम करणारा दुसरा भाग मला माहीत नाही.

मग वाळवंट आहे म्हणून सत्तर टक्के कूलंट घालू का? नाही. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही आणि ते पाण्यापेक्षा दाटही असतं. साठ टक्क्यांच्या वर गेलात की उत्कलनबिंदू थोडा वाढतो, पण उष्णता बाहेर काढण्याची ताकद घटते, म्हणजे गाडी उलट जास्त तापते. उष्ण प्रदेशासाठी काही कंपन्या तीस-तेहतीस टक्क्यांचं मिश्रणही चालवतात, पण इथल्या रहदारीत गाडीच्या पुस्तकात वेगळं सांगितलं नसेल तर पन्नास धरून चाला.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. आमच्या इमारतीत नाशिकहून आलेल्या एका मुलाने दोन लिटर इंजिनाची अमेरिकन स्पेक सेडान घेतली. तक्रार अशी: सिग्नलला उभं राहिलं की एसी गरम हवा सोडतो, निघालं की पुन्हा थंड. गॅरेजवाल्याने एसीचा गॅस भरून दिला, फरक शून्य. तापमानाचा काटा मध्यावरच होता म्हणून इंजिनाकडे कोणी बघितलंच नाही. हा काटा फसवा असतो. बहुतेक गाड्यांत कूलंट साधारण ८० ते १०५ अंशांमध्ये कुठेही असलं तरी काटा मध्यातून हलत नाही. पण तापमान वर जाऊ लागलं की कित्येक गाड्यांचा कंप्युटर एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो. उभ्या गाडीत एसी सुस्त होणं हे कूलिंग कमी पडत असल्याचंही लक्षण असू शकतं.

गार इंजिनावर झाकण उघडून रिफ्रॅक्टोमीटरने मोजलं. दुर्बिणीसारखं छोटं उपकरण असतं, काचेवर एक थेंब टाकायचा. गंमत म्हणजे ते इथेही मिश्रण कुठे गोठेल तेच दाखवतं. रीडिंग आलं उणे १२. म्हणजे ग्लायकॉल फक्त पंचवीस टक्के. आधीच्या मालकाने पाणीच ओतलेलं होतं. पन्नास टक्क्यांना ते उणे ३७ दाखवायला हवं.

त्या गाडीत एकूण सहा लिटर कूलंट बसतं. त्यातलं दोन लिटर काढून दोन लिटर शुद्ध, पाणी न मिसळलेलं कूलंट घातलं की उरलेल्या चार लिटरमधलं एक आणि नवीन दोन मिळून ग्लायकॉल तीन लिटर होतं, म्हणजे बरोबर निम्मं. पण जपानी गाड्यांचं कूलंट इथे बहुधा आधीच निम्मं पाणी घातलेलं मिळतं, त्याने हा हिशेब जमत नाही. रेडिएटरच्या खालच्या नळातून सहापैकी चारच लिटर निघतं, उरलेलं इंजिनात अडकतं. ते चार लिटर तयार मिश्रणाने भरलं की टक्केवारी ४२ च्या आसपास येते. हीटर पूर्ण चालू ठेवून गाडी फिरवायची, पूर्ण गार झाली की पुन्हा चार लिटर काढून नवीन भरायचं, मग ४७. तेवढं पुरे. त्या मुलाने हेच केलं, झाकण बदललं, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे साचलेली वाळू धुऊन घेतली आणि एसीची तक्रार संपली. माझ्या मते त्यात वाळूचा वाटाही मोठा होता.

वरचेवर थोडं घालावं लागलं तर नळाचं पाणी नको, बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या. रंग बघून कूलंट ठरवू नका, हिरवं-गुलाबी हा नुसता रंग असतो. पुस्तकात लिहिलेला प्रकारच घ्या. आणि गरम इंजिनाचं झाकण कोणीही, कितीही घाई असली तरी उघडायचं नाही.

ऑइलची गोष्ट थोडी वेगळी आहे. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीत इंजिन सुरू होण्याबद्दल आहे. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना होते, तिचा आपल्याला काही उपयोग नाही. दुसरा आकडा ऑइल गरम झाल्यावर किती दाट राहतं ते सांगतो. त्या सेडानमध्ये ०डब्ल्यू-२० होतं. अमेरिकेत हे पातळ ऑइल मुख्यतः पेट्रोल वाचवण्याच्या नियमांमुळे आलं. भारतातही नव्या छोट्या गाड्यांत ०डब्ल्यू-२० आणि त्याहून पातळ ०डब्ल्यू-१६ येऊ लागलंय, कारण तेच.

थर्मोस्टॅट कूलंटचं तापमान आवरतो, ऑइलचं त्या मानाने कमी. अबू धाबीच्या रस्त्यावर १४० ने, एसी चालू, दुपारी दोन वाजता गाडी नेली तर ऑइल १२० अंशांपर्यंत जाऊ शकतं. त्या तापमानाला ३० ग्रेडचं ऑइल जेवढं पातळ होतं, साधारण तेवढंच २० ग्रेडचं १०५ अंशांना असतं. म्हणजे एक ग्रेड वर जाऊन तुम्ही काही जाड भरत नाही. बेअरिंगला मिळणारा थर थंड देशात होता तेवढाच ठेवता, इतकंच. अमेरिकेबाहेर विकल्या जाणाऱ्या बऱ्याच जपानी गाड्यांच्या पुस्तकात त्याच इंजिनासाठी ०डब्ल्यू-२० शेजारी ५डब्ल्यू-३० आणि त्याहून वरचे ग्रेड दिलेले असतात, आणि वेग किंवा भार जास्त असेल तर जाड ऑइल बरं, असंही लिहिलेलं असतं. तुमच्या मॉडेलचं आखाती पुस्तक इंटरनेटवर शोधा आणि तो तक्ता बघा. त्यात असेल तर ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक घाला.

इंडस्ट्रियल एरियातला मिस्त्री मात्र २०डब्ल्यू-५० पुढे करेल. “भाई, गरमी में यही चलता है.” वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या इंजिनात चालत असेल. आजच्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर आणि बारीक वाटांवर चालते. इतकं घट्ट ऑइल तिथे वेळेवर पोचत नाही, सुरू करताना खडखड होते, पेट्रोलही जास्त जातं. युरोपियन किंवा टर्बो गाडी असेल तर ग्रेडपेक्षा कंपनीचा मान्यता कोड महत्त्वाचा, तो डब्याच्या मागे लिहिलेला असतो. तो सोडून काहीही घेऊ नका.

बदलायचं कधी? तापमान दहा अंशांनी वाढलं की ऑइल खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. शिवाय रहदारीत उभी गाडी किलोमीटर न वाढवता इंजिन चालवत राहते. त्यामुळे पुस्तकातला ‘कठीण परिस्थिती’चा रकाना वाचा, तो आपल्यासाठी लिहिलाय. माझा स्वतःचा नियम सिंथेटिक असेल तर आठ हजार किलोमीटर, आणि महिन्यातून एकदा सकाळी डिपस्टिक. लांबच्या प्रवासानंतर सिग्नलला थांबल्यावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, तर इंजिन बंद करून आधी पातळी बघा. पातळी ठीक असूनही दिवा लागत असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, गाडी उचलून नेणारी रिकव्हरी बोलवा.