नदीची राज्ये क्रमाने लिहिताना या चुका टाळा: सिरोंच्यात पुन्हा भेटणारी गोदावरी

तलाठी, वनरक्षक आणि पोलीस भरतीची तयारी करणारी आमच्या भागातली मुले संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत बसतात. मी त्यांना भूगोल शिकवतो. ‘गोदावरी उगमापासून मुखापर्यंत कोणत्या राज्यांतून वाहते, क्रमाने लिहा’ हा प्रश्न मी दरवर्षी फळ्यावर टाकतो. निम्म्या वह्यांत एकच उत्तर सापडते: महाराष्ट्र, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश. नावे सगळी बरोबर असतात, क्रम मात्र चुकलेला असतो. ही मुले प्राणहितेत पोहलेली, पूर आला की सिरोंच्याचा रस्ता बंद होतो हे ठाऊक असलेली. तरीही त्यांचे चुकते, आणि त्याचे कारण भिंतीवरच टांगलेले असते.

अभ्यासिकेत महाराष्ट्राचा मोठा नकाशा आहे. त्यावर बोट ठेवून गोदावरी शोधा. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून निघते, पैठण, गंगाखेड, नांदेड करत धर्माबादच्या बाजूला येते आणि नकाशाच्या कडेला संपते. पुढे नुसता पांढरा कागद. मग खाली उजवीकडे, गडचिरोली जिल्ह्याच्या शेपटापाशी, सिरोंच्याजवळ एक निळी रेघ पुन्हा उगवते आणि तिच्यावरही ‘गोदावरी’ असेच लिहिलेले असते. मागच्या वर्षी गोंडपिपरी तालुक्यातला एक मुलगा नकाशासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मंग मधात गोदावरी कुठं जाते?” सगळ्या चुकांचे मूळ त्या ‘मधात’मध्ये आहे.

मधला तो पांढरा कागद म्हणजे तेलंगणा. मांजरा नदी कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते आणि तिथून गोदावरी तेलंगणात शिरते. बासरचे सरस्वती मंदिर, श्रीरामसागर धरण, मंचेरियल हे सगळे तिच्या वाटेवरचेच. एवढे अंतर तेलंगणातून कापल्यावर ती कालेश्वरमला येते. तिथे उत्तरेकडून आपली प्राणहिता तिला मिळते आणि समोरच्या काठावर सिरोंचा दिसते. म्हणजे गोदावरी महाराष्ट्रातून बाहेर पडून, तेलंगणा पाहून, पुन्हा महाराष्ट्राच्या काठाला लागते. राज्याच्या नकाशावर मधला भाग नसल्याने मुले तो शेजारच्या राज्यांवरून भरून काढतात. गडचिरोलीच्या पूर्वेला छत्तीसगड आहे, म्हणून महाराष्ट्रानंतर छत्तीसगड लिहितात. क्रम लावायला शेजार उपयोगी पडत नाही, पाण्याची वाट पाहावी लागते.

नदी राज्याबाहेर जात असेल तर राज्याचा नकाशा बाजूला ठेवा आणि भारताचा नद्यांचा नकाशा घ्या, हा माझा पहिला नियम. त्यावर मी पांढरा दोरा वापरतो. शिवणाचा दोरा ओला करून नदीच्या रेघेवर वळणावळणाने बसवायचा. ओला असला की तो कागदाला धरून राहतो. जिथे नदी राज्याची सीमा ओलांडते किंवा सीमेला येऊन लागते, तिथे शाईचा ठिपका द्यायचा. मग दोरा उचलून सरळ ताणायचा. ठिपके आपोआप क्रमाने येतात, कारण दोऱ्याला पूर्व-पश्चिम कळत नाही, त्याला फक्त आधी आणि नंतर कळते.

दोन काठ वेगवेगळे लिहा

दोऱ्यानेही एक अडचण सुटत नाही. नदी राज्याच्या मधून वाहते तेव्हा दोन्ही काठ एकाच राज्यात असतात. पण ती सीमा बनते तेव्हा एक काठ एका राज्यात आणि दुसरा दुसऱ्या राज्यात जातो. विदर्भातल्या मुलांना हे शिकवायला फारसे कष्ट पडत नाहीत. पैनगंगेचा बराच भाग यवतमाळ आणि तेलंगणाची सीमा आहे, प्राणहितेच्या एका काठावर गडचिरोली आहे आणि दुसऱ्या काठावर तेलंगणा. तरी उत्तर लिहिताना एक काठ विसरला जातो.

म्हणून वहीत दोन रकाने करा, डावा काठ आणि उजवा काठ. पाणी जिकडे जाते तिकडे तोंड करून उभे राहिल्यावर जो डाव्या हाताला येतो तो डावा काठ. नकाशा पाहताना ही ओळख सुटली की रकाने उलटतात, म्हणून मी मुलांना नकाशा फिरवून धरायला सांगतो, नदीचा प्रवाह आपल्यापासून दूर जाईल असा. आता गोदावरी रकान्यात भरूया.

त्र्यंबकपासून नांदेड जिल्ह्याच्या शेवटापर्यंत दोन्ही रकान्यांत महाराष्ट्र. कंदकुर्तीपासून दोन्ही रकान्यांत तेलंगणा, थेट प्राणहितेच्या संगमापर्यंत. संगमाखाली डाव्या रकान्यात महाराष्ट्र येते, तो सिरोंचा तालुक्याचा काठ. उजव्या रकान्यात तेलंगणा तसेच राहते. मेडीगड्डा बंधारा याच भागात आहे. पुढे सोमनूरजवळ इंद्रावती मिळते आणि डावा रकाना बदलतो. महाराष्ट्र संपून छत्तीसगडचा बिजापूर जिल्हा लागतो. उजवीकडे अजून तेलंगणाच. मग छत्तीसगडचा काठही मागे पडतो आणि दोन्ही रकान्यांत पुन्हा तेलंगणा येते, भद्राचलमपर्यंत. त्याखाली दोन्ही रकान्यांत आंध्र प्रदेश, राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरापर्यंत.

आता प्रत्येक राज्य पहिल्यांदा कुठे आले तेवढेच वाचा: महाराष्ट्र, तेलंगणा, छत्तीसगड, आंध्र प्रदेश. तेलंगणा तीनदा दिसते, पण क्रमात ते एकदाच, पहिल्या भेटीच्या जागी लिहायचे. महाराष्ट्रही दोनदा दिसते, तेही एकदाच. मुखाजवळ गौतमी शाखेवर यानम आहे आणि ते पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे, म्हणून प्रश्नात केंद्रशासित प्रदेश विचारले असतील तर शेवटी पुदुच्चेरी.

पर्यायी प्रश्नात छत्तीसगडचा काठ कधी धरलेला असतो, कधी सोडलेला. फक्त तीन राज्यांचे पर्याय असतील तर महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र प्रदेश. छत्तीसगड असेल तर ते तेलंगणाच्या आधी आलेला पर्याय काढून टाका. एवढी एक खूण पाहिली तरी चुकीचे बहुतेक पर्याय गळून पडतात.

सीमेवरचा भाग किती लहान असू शकतो हे नर्मदेवरून चांगले कळते. तिच्या 1312 किलोमीटरपैकी 1077 किलोमीटर मध्य प्रदेशात आहेत, मग 35 किलोमीटर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या सीमेवर, 39 किलोमीटर महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवर, आणि उरलेले 161 गुजरातमध्ये. महाराष्ट्राच्या आत नर्मदेचे दोन्ही काठ कुठेच नाहीत. तरीही मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात हा क्रम बरोबर आहे, आणि महाराष्ट्र गाळणे ही चूक आहे.

वाहणारी नदी आणि तिचे खोरे

दुसरी मोठी चूक हुशार मुले करतात. गोदावरीच्या उत्तरात ती मध्य प्रदेश, कर्नाटक आणि ओडिशाही घालतात. कुठेतरी गोदावरी खोऱ्यातील राज्यांची यादी वाचलेली असते आणि त्यात ही नावे असतातच. पण ती उपनद्यांची आहेत. आपली वर्धा मुलताईच्या परिसरात उगम पावते, वैनगंगा सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ, म्हणून खोऱ्यात मध्य प्रदेश येते. मांजरा बिदरकडून जाते म्हणून कर्नाटक. इंद्रावतीचा उगम कालाहंडीत, म्हणून ओडिशा. खुद्द गोदावरीचे पात्र आज या तीनही राज्यांना शिवत नाही. प्रश्नात ‘वाहते’ आहे की ‘खोरे’ आहे, हे पेन टेकवण्याआधी पाहा.

चपराळ्याच्या संगमावर मुलांना नेले की हे लगेच पटते. तिथे वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि पुढे त्या पाण्याचे नाव प्राणहिता होते. मुलताईचे पाणीही त्यात असते, पण नाव आता तिसरेच. प्राणहितेची राज्ये लिहायला सांगितली तर तिची सुरुवात चपराळ्याला होते, मुलताईला नाही, म्हणून तिच्या उत्तरात मध्य प्रदेश येत नाही. वर्धेची राज्ये विचारली तर मध्य प्रदेश पहिले.

देशांच्या बाबतीतही हीच गल्लत होते. ब्रह्मपुत्रा चीनमधल्या तिबेटातून निघून भारतात आणि मग बांगलादेशात जाते. भूतानच्या नद्या तिला मिळतात म्हणून भूतान तिच्या खोऱ्यात आहे, तिच्या वाटेवर नाही. गंगेच्या क्रमात नेपाळ लिहिणाऱ्यांची चूकही तीच. कोसी आणि गंडकी तिथून येतात, गंगा तिथून येत नाही.

जुनी पुस्तके

अभ्यासिकेतली निम्मी पुस्तके मोठ्या भावंडांकडून आलेली असतात. छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड 2000 च्या नोव्हेंबरमध्ये वेगळी झाली आणि तेलंगणा 2 जून 2014 ला. 2000 च्या आधीच्या पुस्तकात गंगेची राज्ये उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल एवढीच मिळतील. आज उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल अशी पाच आहेत. गोदावरीच्या डाव्या काठावर आज छत्तीसगड आहे तिथे तेव्हा मध्य प्रदेश होते आणि तेलंगणाच्या जागी आंध्र प्रदेश. त्यामुळे एखाद्या जुन्या पुस्तकात ‘महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश’ दिसले तर ते त्या काळी चूक नव्हते. आज ते फळ्यावर लिहिले तर चूक ठरते. पुस्तक उघडल्यावर मी आधी छापल्याचे वर्ष पाहतो.

2014 मध्ये आणखी एक बदल झाला, तो फार थोड्यांना माहीत आहे. भद्राचलम शहर तेलंगणात राहिले, पण त्याच्या आसपासची बरीच मंडले आंध्र प्रदेशात गेली. म्हणून गोदावरी भद्राचलमच्या थोडे खालीच आंध्र प्रदेशात शिरते. शबरीचा कुनावरमचा संगमही आता आंध्र प्रदेशात आहे.

‘मधात’ विचारणारा तो मुलगा पुढच्या आठवड्यात दोरा घेऊन आला. त्याने गोदावरी सोडून तापी घेतली होती. तीही मुलताईचीच, पण वर्धेच्या उलट, पश्चिमेला जाणारी. त्याच्या दोऱ्यावर मेळघाटाच्या उत्तर टोकाला एक ठिपका होता, बऱ्हाणपूरच्या आधी दुसरा, जळगावच्या आधी तिसरा. “सर, हे तं महाराष्ट्राला लागून परत मध्य प्रदेशात जाते,” तो म्हणाला. मी त्याला रकाने भरायला सांगितले. त्याने भरले, आणि खाली पहिल्या भेटीचा क्रम लिहिला: मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात.