फ्लॅटवरच्या कॉफी मशीनची चिठ्ठी: या चुका टाळा

चौघांचा फ्लॅट, त्यात एकाने आणलेलं एस्प्रेसो मशीन आणि शेजारी ग्राइंडर. पहिल्या महिन्यात ज्याला आठवेल तो बीन्स आणतो. दुसऱ्या महिन्यात एकाच्या लक्षात येतं की दर वेळी आपल्यालाच आठवतंय. तिसऱ्या महिन्यात फ्रिजवर चिठ्ठी लागते आणि तिच्यावरूनच भांडण होतं. चिठ्ठी लावणाऱ्याचं म्हणणं बहुधा बरोबर असतं, पण ती लिहिण्यात त्याच त्या चार-पाच चुका होतात.

चूक पहिली: चिठ्ठीची पाटी करणं

‘काही जण कॉफी पितात, पण बीन्स आणत नाहीत.’ हे वाक्य पुणेरी पाटी म्हणून दुसऱ्याच्या दारावर वाचायला मजा येते. स्वतःच्या स्वयंपाकघरात ते वाचणाऱ्या तिघांपैकी प्रत्येकाला वाटतं की हे आपल्यालाच आहे, आणि ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला नेमकं तसं वाटत नाही. मागच्या दोन महिन्यांचा हिशोब उकरू नका, तो सोडून द्या. चिठ्ठी ‘१ तारखेपासून असं करूया का?’ इथून सुरू झाली की वाचणारा बचावाच्या पवित्र्यात जात नाही. ती आधी ग्रुपवर टाकून, सगळ्यांचं ‘हो’ आल्यावरच फ्रिजवर लावा.

चूक दुसरी: ‘सरळ चार भाग करू’

भाडं, वायफाय, मावशींचा पगार यांचे चार भाग ठीक आहेत. कॉफीचं तसं नाही, कारण पिण्यात फार तफावत असते. एक उदाहरण पूर्ण करून बघू.

समजा, घरून काम करणारा महिन्याला ६० कप पितो. सीएची तयारी करणारा ३०, सकाळी एकच कप घेऊन ऑफिसला पळणारा २० आणि फक्त शनिवार-रविवारी पिणारा १०. एकूण १२० कप झाले. कप म्हणजे एक डबल शॉट, त्याला १६ ग्रॅम पूड धरली, तर १,९२० ग्रॅम बीन्स लागतात. फसलेले शॉट आणि ग्राइंडरमध्ये अडकणारी पूड मिळवून २ किलो धरा, म्हणजे पाव किलोची ८ पाकिटं. पाकीट ४५० रुपयांचं असेल तर महिन्याचा खर्च ३,६०० रुपये.

चार समान भाग केले तर प्रत्येकी ९०० येतात. म्हणजे शनिवार-रविवारवाल्याला एक कप ९० रुपयांना पडतो. तेवढ्यात त्याची उडप्याकडे फिल्टर कॉफी आणि वर नाश्ताही होईल. घरून काम करणाऱ्याला तोच कप १५ रुपयांना पडतो. कपामागे हिशोब केला तर दर ३० रुपये येतो आणि वाटे होतात १,८००, ९००, ६०० आणि ३००. सीएवाल्याचा आकडा बदललाच नाही. म्हणून ‘समान वाटणीत काय वाईट आहे?’ असं तो अगदी प्रामाणिकपणे विचारेल. त्याच्यावर चिडू नका.

दुधाचा हिशोब वेगळा ठेवा. कॅपुचिनोला साधारण १५० मिलिलिटर दूध जातं. लिटरला ६० रुपये धरले तर कपामागे ९ रुपये, सोयीसाठी १० म्हणा. काळी कॉफी ३० आणि दुधाची ४० एवढं लिहिलं की पुरे. चहाचं दूध यात ओढू नका, तो वाद वेगळा आहे आणि मोठा आहे.

देखभालीचे मात्र समान भाग करा. कॉफीची पूड भरायचं हँडल मशीनला जिथे बसतं तिथलं रबर उष्णतेने आणि वयाने कडक होतं, ते कोणाच्या ६० किंवा १० कपांची वाट बघत नाही. प्रत्येकी महिना ५० रुपये बाजूला टाकले की वर्षाला २,४०० जमतात. त्यात रबर, साफसफाईची पूड आणि एखादी छोटी दुरुस्ती भागते. विजेचा मुद्दा कोणीतरी काढतोच. १,४०० वॅटचं मशीन एका कपासाठी पाच मिनिटं चालू राहिलं तर सव्वा रुपयाच्या आसपास वीज जाते. गीझरचा हिशोब न करणाऱ्यांनी हाही करू नये. मात्र दिवसभर मशीन चालू ठेवायचं नाही.

चूक तिसरी: ‘मशीन स्वच्छ ठेवावे’

हा नियम नसून इच्छा आहे. प्रत्येकाची स्वच्छतेची व्याख्या वेगळी असते आणि प्रत्येकाला आपलीच पुरेशी वाटते. नियम असा हवा की तो पाळला की नाही हे बघून कळेल, आणि त्यामागचं कारणही सोबत लिहायला हवं. कारण कळलं की माणूस नियम पाळतो, निदान त्याची शक्यता वाढते.

सगळ्यात महत्त्वाची वाफेची नळी. दूध फेसल्यावर वाफ बंद केली की आत उरलेली वाफ थंड होऊन आकसते आणि नळी थोडं दूध आत ओढून घेते. बाहेरून फडका मारला तरी ते आतच राहतं, वाळतं, भोकं बुजवतं आणि दुसऱ्या दिवशी वास मारतं. म्हणून ओल्या फडक्याने नळी तिथल्या तिथे पुसायची आणि लगेच दोन सेकंद वाफ सोडायची. ‘नंतर करतो’ इथे चालत नाही, कारण वाळलेलं दूध खरवडावं लागतं.

दुसरं म्हणजे चोथा. हँडलमध्ये तो तसाच ठेवला तर कॉफीतलं तेल जाळीला धरतं आणि पुढच्याच्या कपात खवट चव उतरते. कप भरला की चोथा झटकायचा, हँडल धुवायचं आणि मशीनमधून थोडं नुसतं पाणी सोडायचं. चोथा सिंकमध्ये नको. तो पाइपात बसतो आणि मग प्लंबरचा खर्च चौघांत येतो. कुंडीत किंवा ओल्या कचऱ्यात टाका.

तिसरं पाणी. टाकी रिकामी असताना पंप चालवला तर तो तापतो, कारण त्यातून जाणारं पाणीच त्याला थंड ठेवतं. त्यामुळे ‘ज्याला कमी दिसेल त्याने भरावं’ असं लिहू नका, प्रत्येकाला वाटतं की अजून एक कप निघेल. आपला कप झाल्यावर टाकी खुणेपर्यंत भरून ठेवायची.

चूक चौथी: ग्राइंडरबद्दल काहीच न लिहिणं

मशीनवरच्या निम्म्या तक्रारी खरं तर ग्राइंडरच्या असतात. एकाने रात्री दळण बारीक केलं की सकाळी दुसऱ्याची कॉफी थेंब थेंब पडते आणि तो म्हणतो, ‘मशीन बिघडलं.’ ठरलेल्या आकड्यावर मार्करने खूण करा. बदललं तर ज्याने बदललं त्याने परत त्या खुणेवर आणायचं.

बिघाड कुठे आहे हे ओळखायला सोपी युक्ती आहे. हँडल काढून नुसतं पाणी सोडा. धार नेहमीसारखी असेल तर दोष दळणात आहे किंवा कॉफी जास्त भरली गेली आहे. धारच बारीक असेल, पंप कण्हत असेल आणि वाफही कमी येत असेल, तर आत क्षार बसले असण्याची शक्यता मोठी. बाजूच्या किटलीच्या तळाशी पांढरा थर दिसतो का, तेही बघा. वाघोली, बाणेरसारख्या भागात जिथे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं, तिथे हे लवकर होतं. लिटरभर पाण्यात २० ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्व विरघळवून ते मशीनमधून फिरवतात आणि मग दोन टाक्या स्वच्छ पाणी सोडतात. मशीनच्या पुस्तिकेत दुसरं काही सांगितलं असेल तर तेच करा. चिठ्ठीत फक्त एवढं हवं की हे काम दर दोन महिन्यांनी कोणाकडे आहे. नाव नसलेलं काम कोणीच करत नाही.

चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड या मशीनमध्ये घालू नये, पाण्याची वाट अडते. दाक्षिणात्य फिल्टर त्यासाठी आहे आणि तो मशीनपेक्षा कमी कटकटीचा आहे, हे माझं वैयक्तिक मत.

आवाजाची वेळही लिहा. ग्राइंडर रात्री अकरा ते सकाळी सात बंद. रात्रपाळीवाल्याने संध्याकाळीच दळून डब्यात ठेवावं. चव थोडी उतरते, पण तेवढं चालवून घ्यावं लागतं.

मग चिठ्ठी कशी दिसेल?

> मंडळी, १ तारखेपासून एक महिना असं करून बघायचं का? मागचा हिशोब माफ.
>
> काळी कॉफी ३० रुपये, दुधाची ४०. कप घेतला की फ्रिजवरच्या कागदावर आपल्या नावापुढे रेघ मारायची, दुधाची असेल तर रेघेवर टिंब. पाहुण्याचा कप ज्याचा पाहुणा त्याच्या नावावर. देखभालीचे प्रत्येकी ५०. महिनाअखेरीस मी बेरीज टाकेन, पाच तारखेपर्यंत यूपीआय करा.
>
> बीन्स महिन्यातून दोनदा, चार-चार पाकिटं. या महिन्यात मी आणतो, पुढच्या महिन्यात सीएवाले. कोणाला महाग बीन्स हवे असतील तर वरचे पैसे त्याचे.
>
> कप झाल्यावर: नळी पुसून दोन सेकंद वाफ, चोथा काढून हँडल धुणं, टाकी भरणं. सांडलेल्या पाण्याचा ट्रे रात्री शेवटी कॉफी घेणाऱ्याने रिकामा करायचा.
>
> मशीन माझं आहे आणि माझंच राहील. झिजेची दुरुस्ती देखभालीच्या पैशातून. पाण्याशिवाय चालवून पंप जाळला तर ज्याने जाळला त्याने.
>
> काही पटत नसेल तर रविवारी जेवताना बोलू.

‘मशीन माझं आहे’ हे लिहायला लोक लाजतात आणि ती पाचवी चूक ठरते. भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचा असतो आणि कोणी ना कोणी निघतोच. मशीन चौघांनी वर्गणी काढून घेतलं असेल तर जाणाऱ्याला काय मिळणार, हे घेतानाच ठरवा. १२,००० रुपयांचं मशीन असेल तर प्रत्येकाचे ३,००० झाले. तीन वर्षांत किंमत शून्य धरली तर वर्षाला १,००० उतरतात. वर्षाने निघणाऱ्याला २,००० मिळतील आणि ते त्याच्या खोलीत येणारा नवा माणूस देईल. त्याला कॉफी नकोच असेल तर उरलेल्या तिघांनी भरायचे.

रेघा आणि पाकिटं जुळत नसतील तर

बीन्सचा हिशोब स्वतःच चुका दाखवतो. पाव किलोच्या पाकिटात १६ ग्रॅमने साधारण १५ कप निघतात. पाकीट फोडल्याची तारीख त्याच कागदावर लिहा आणि ते संपेपर्यंत किती रेघा पडल्या ते मोजा. १४-१५ आल्या तर सगळं ठीक आहे. ११ आल्या तर लगेच चोर शोधू नका. आधी तीन वेगवेगळ्या जणांनी हँडलमध्ये भरलेली पूड वजनकाट्यावर तोलून बघा. कोणीतरी अंदाजाने २१-२२ ग्रॅम भरत असतो आणि त्याला ते माहीतही नसतं. पुडीचं वजन बरोबर निघालं तरच रेघा राहून जातायत. तसं असेल तर कागद फ्रिजवरून काढून मशीनच्या अगदी वर, कपाटाच्या दारावर लावा आणि पेन दोऱ्याने बांधून ठेवा. तरीही दोन-तीन कप कमी पडत राहिले, तर पुढच्या महिन्यापासून कपाचा दर ३६ करा आणि विषय सोडून द्या.