स्वच्छता निरीक्षकाचा राजीनामा: पुढच्या शिक्षणासाठी नोकरी सोडताना पत्र कसं लिहावं

राजीनाम्याचे तयार नमुने शोधले की "अत्यंत जड अंतःकरणाने" असं सुरू होणारं पानभर पत्र हमखास सापडतं. निरोप समारंभाच्या भाषणाला ते ठीक आहे. पालिकेच्या आस्थापना विभागातला लिपिक त्या पत्रात फक्त तीन गोष्टी शोधतो: हा माणूस खरंच सोडतोय का, कोणत्या तारखेपासून, आणि याच्या ताब्यात काय काय आहे. या तिन्हींची उत्तरं पत्रात नसली तर फाइल पुढे सरकत नाही. मग तुमचं अंतःकरण कितीही जड असो.

मी स्वतः स्वच्छता निरीक्षकाची नोकरी पर्यावरणशास्त्र शिकायला सोडली. त्यानंतर त्याच वाटेने गेलेल्या बऱ्याच सहकाऱ्यांचे मसुदे माझ्याकडे आले. जवळजवळ सगळ्यांची चूक एकाच ठिकाणी होते, आणि ती मीही केली होती.

प्रवेशाचं पत्र हातात येईपर्यंत राजीनाम्याचा कागद बाहेर काढू नका. निवड यादीत नाव आलं म्हणजे प्रवेश झाला असं नाही. दिलेला राजीनामा मागे घेता येईल की नाही, हे सेवानियमांवर आणि वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून असतं.

अभ्यासरजा हवी की राजीनामा, हे आधी ठरवा

खरी अडचण इथेच येते. परत याच नोकरीत यायचं असेल तर आधी अभ्यासरजेचा अर्ज करा. ती कोणाला मिळते, किती वर्षांच्या सेवेनंतर मिळते, परत आल्यावर किती काळ नोकरी करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं, हे तुमच्या सेवानियमांत लिहिलेलं असतं. आस्थापना विभागात बसून ते पान स्वतः वाचा, चहाच्या टपरीवरचं ऐकू नका. राजीनाम्याने आधीची सेवा पुढे धरली जात नाही, असं बऱ्याच ठिकाणच्या नियमांत असतं. निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

मी काय केलं? दोन्ही एकाच अर्जात घातलं. "मला दोन वर्षांची अभ्यासरजा मंजूर करावी, ती शक्य नसल्यास हाच अर्ज राजीनामा समजावा." फार हुशारीचं वाक्य लिहिलं असं तेव्हा वाटलं होतं. तो अर्ज रजेच्या टेबलावर गेला. तिथून "यात राजीनामाही आहे" म्हणून आस्थापनेकडे, आणि आस्थापनेकडून "आधी रजेवर निर्णय व्हावा" म्हणून परत रजेच्या टेबलावर. दोन्ही टेबलांचं बरोबरच होतं. अट घातलेला राजीनामा हा राजीनामा नसतोच, ती विचारणा असते. मंजूर करायला त्यात काही नसतं. या ये-जा करण्यात सात आठवडे गेले. अभ्यासक्रम सुरू झाला, मी वर्गात जाऊन बसलो, आणि इकडे हजेरीपटावर माझ्या नावापुढे विनापरवानगी गैरहजर असा शेरा पडत राहिला. पुढे कार्यमुक्तीचा आदेश निघाला तेव्हा त्या दिवसांचा खुलासा मागितला गेला, आणि अनुभव प्रमाणपत्र तेवढ्यासाठी अडलं.

म्हणून एका अर्जात एकच मागणी. आधी रजेचा अर्ज द्या आणि त्यावर लेखी उत्तर मागा. नकार आला, किंवा परत यायचंच नसलं, तर वेगळ्या कागदावर बिनशर्त राजीनामा द्या. "शक्य झाल्यास", "न मिळाल्यास", "विचार व्हावा" हे शब्द राजीनाम्यात कुठेही दिसले तर खोडा. "राजीनामा देण्याची इच्छा आहे" असंही लिहू नका. इच्छा मंजूर करता येत नाही. "राजीनामा देत आहे" असं लिहा.

तारीख उलटी मोजा

"लवकरात लवकर कार्यमुक्त करावे" हे दुसरं घातक वाक्य. लवकर म्हणजे कधी, हे मग दुसरं कोणीतरी ठरवतं.

एक उदाहरण घेऊ. समजा वर्ग ३ ऑगस्टला सुरू होतात आणि नोटीस ३० दिवसांची आहे. कामाचा शेवटचा दिवस ३१ जुलै धरला. नोटिशीचे दिवस पत्रावर घातलेल्या तारखेपासून मोजले जातील असं धरून चालू नका. आवक-जावक विभागाच्या शिक्क्याची तारीख धरा. पत्र २४ जूनला आवक झालं तर २५ जूनपासून मोजून तिसावा दिवस २४ जुलैला येतो. म्हणजे हाताशी आठवडाभर राहतो. तो लागतोच, कारण कुठली ना कुठली सही सुटीवर गेलेली असते. नोटीस कमी पडली तर तेवढ्या दिवसांचा पगार भरावा लागू शकतो, आणि नोटिशीच्या काळात शिल्लक रजा वापरता येईल असं गृहीत धरू नका, आधी विचारा.

तारखेपुढे "मध्यान्हानंतर" हा शब्द घाला. मध्यान्हपूर्व कार्यमुक्त केलं तर तो दिवस तुमच्या सेवेत धरला जात नाही.

मसुदा

पत्र ज्याने नेमणूक केली त्या अधिकाऱ्याच्या नावे आणि आपल्या विभागप्रमुखांच्या मार्फत जातं. प्रभाग कार्यालयातल्या साहेबांच्या नावे लिहिलेलं पत्र तिथेच पडून राहतं.

प्रति,
मा. नियुक्ती अधिकारी (पदनाम)
मार्फत: विभागप्रमुख, घनकचरा व्यवस्थापन

विषय: स्वच्छता निरीक्षक पदाचा राजीनामा

महोदय,

मी प्रभाग क्रमांक ७ येथे स्वच्छता निरीक्षक या पदावर कार्यरत आहे. पर्यावरणशास्त्रातील पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रमास माझा प्रवेश निश्चित झाला असल्याने मी या पदाचा राजीनामा देत आहे. ३० दिवसांच्या नोटिशीचा कालावधी विचारात घेऊन मला दिनांक ३१ जुलै रोजी मध्यान्हानंतर कार्यमुक्त करावे, ही विनंती.

माझ्याकडील कार्यभाराची यादी सोबत जोडली आहे. कार्यभार कोणाकडे सोपवायचा ते १५ जुलैपूर्वी कळवावे. राजीनामा मंजुरीचा व कार्यमुक्तीचा आदेश, ना-देय प्रमाणपत्र आणि कामाच्या स्वरूपासह अनुभव प्रमाणपत्र मिळावे.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पदनाम, कर्मचारी क्रमांक)
सोबत: १) प्रवेशपत्राची प्रत २) कार्यभाराची यादी

एवढंच. कारण एका वाक्यात संपलं पाहिजे. पर्यावरणाकडे वळणाऱ्यांना इथे फार खाज सुटते. कचराभूमीवरचा धूर, नाल्यात सोडलेलं सांडपाणी, दुर्लक्षित राहिलेले अहवाल, सगळं या पत्रात येतं. तक्रार खरी असेल तर ती वेगळ्या पत्राने करा. राजीनाम्यात ती घातली की "कर्मचारी दबावाखाली सोडत आहे का" असा प्रश्न फाइलवर येतो, आणि मंजुरी थांबते.

"कामाच्या स्वरूपासह" हे शब्द मात्र कापू नका. नुसतं "अमुक ते अमुक कालावधीत कार्यरत होते" असलेलं प्रमाणपत्र शिष्यवृत्तीच्या अर्जाला फारसं कामाचं नसतं. ओला-सुका कचरा वर्गीकरण, पाण्याच्या स्रोतांची तपासणी, डास उत्पत्ती स्थानांचं सर्वेक्षण यातलं तुम्ही जे केलं असेल त्याचे दोन-तीन ओळींचे शब्द स्वतः टाइप करून लिपिकाला द्या. त्याचंही काम हलकं होतं.

कार्यभाराची यादी

निरीक्षकाचा राजीनामा सर्वात जास्त अडतो तो दंडाच्या पावतीपुस्तकांवर. प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, कुठून कुठपर्यंत पावत्या फाडल्या, किती कोऱ्या उरल्या, हे लिहा. रद्द केलेली पावती तिच्या सगळ्या प्रतींसह पुस्तकात आहे का ते पाहा. मूळ प्रत गायब असेल तर त्या पावतीचे पैसे तुम्ही घेतले असंच लेखापरीक्षक धरतो. वसूल रकमेचा भरणा ज्या चलनाने झाला त्याचा क्रमांक समोर लिहा. हा मेळ राजीनामा देण्याआधी बसवा. नंतर बसवायला गेलात तर तुमची तारीख गेली.

बजावलेल्या पण निकाली न निघालेल्या नोटिसा, जप्त माल, सफाई कामगारांचा हजेरीपट, जंतुनाशक पावडर आणि हातमोज्यांचा साठा, तक्रारींच्या ॲपचं खातं, ओळखपत्र, शिक्का: हे एका पानावर मावतं. एखाद्या खटल्यात तुम्ही साक्षीदार असाल तर तो क्रमांक आणि तुमचा नवा पत्ता यादीच्या शेवटी द्या. नोकरी सुटली तरी समन्स सुटत नाही.

प्रभागाच्या नोंदी घेऊन जाऊ नका

पुढे प्रबंधाला उपयोगी पडतील म्हणून काट्यावरच्या कचऱ्याच्या वजनाच्या नोंदी गुपचूप उतरवून नेण्याचा मोह होतो. त्या नोंदी कार्यालयाच्या आहेत. परवानगीशिवाय वापरल्या तर प्रबंध तपासताना स्रोत काय दाखवणार? कोणत्या वर्षांच्या, कोणत्या प्रभागाच्या आणि कशासाठी, एवढं लिहून वेगळा अर्ज करा, शक्यतो नोकरीत असतानाच. तो राजीनाम्याला जोडू नका. एका अर्जात दोन मागण्या घातल्या की काय होतं ते वर सांगितलंच.

शेवटचा दिवस

पत्र दिल्या दिवशीच दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतलेला असला पाहिजे. दहा-बारा दिवसांत मंजुरीची हालचाल दिसली नाही तर त्या क्रमांकाचा उल्लेख करून दोन ओळींचं स्मरणपत्र द्या. विभागीय चौकशी चालू असेल किंवा प्रशिक्षणाच्या बंधपत्राची मुदत संपली नसेल, तर राजीनामा त्यावरच अडलेला असतो. असं काही आहे का ते स्मरणपत्रातच विचारा.

३१ तारखेला कार्यभाराच्या यादीच्या दोन प्रती करा आणि कार्यभार घेणाऱ्याची सही, नाव आणि तारीख दोन्हींवर घ्या. पावतीपुस्तकं त्याच्यासमोर मोजा. तो म्हणेल, "राहू दे रे, आपल्यात कसली मोजणी." तरी मोजा. एक प्रत आस्थापनेला द्या, दुसरी स्वतःकडे ठेवा आणि कार्यमुक्तीचा आदेश हातात घेऊनच कार्यालयातून निघा.