पातळ टोकनमधला ब्रेकआउट खरा की खोटा? उलाढाल अशी तपासा

नऊ दिवस एकाच भावाखाली अडकलेले टोकन अचानक वर फुटते आणि खाली व्हॉल्यूमची कांडी इतर सगळ्या कांड्यांच्या पाचपट उंच उभी राहते. पुस्तकी नियम सांगतो की व्हॉल्यूमसह झालेला ब्रेकआउट खरा. मोठ्या कंपनीच्या शेअरमध्ये हा नियम बऱ्यापैकी चालतो, कारण तिथला भाव पंधरा टक्के वर ढकलणे एकट्यादुकट्याच्या खिशाला झेपत नाही. कमी लिक्विडिटीच्या टोकनमध्ये ते सहज झेपते. म्हणून इथे कांडीची उंची बाजूला ठेवून दोन गोष्टी पाहायच्या: भाव हलवायला किती पैसा पुरेसा होता आणि तो किती जणांनी घातला.

खालची पद्धत युनिस्वॅप व्ही२ धाटणीच्या पूलसाठी आहे. अशा पूलमध्ये एका बाजूला टोकन आणि दुसऱ्या बाजूला तितक्याच किमतीचे डॉलर-नाणे किंवा ईथर असते. व्ही३ मध्ये लिक्विडिटी ठरावीक भावपट्ट्यांत ठेवलेली असते, त्यामुळे पहिल्या आणि पाचव्या पायरीतला हिशेब तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही. बाकीच्या पायऱ्या तिथेही उपयोगी पडतात.

पहिली पायरी: भाव हलवायला किती पुरले, ते काढा

डेक्सस्क्रीनरवर टोकन उघडले की `LIQUIDITY` हा आकडा दिसतो. तो दोन्ही बाजू मिळून असतो, म्हणून त्याचा अर्धा भाग घ्या. मग हे सूत्र:

```
निव्वळ खरेदी = एका बाजूची रक्कम × (√(नवा भाव ÷ जुना भाव) − १)
```

हिशेब समजावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. पूल ६०,००० डॉलरचा आहे, म्हणजे डॉलरच्या बाजूला ३०,०००. अडथळा ०.०२० ला होता आणि तासाभरात भाव ०.०२३ झाला, म्हणजे पंधरा टक्के वाढ. १.१५ चे वर्गमूळ साधारण १.०७२. म्हणजे हा सगळा ब्रेकआउट घडवायला ३०,००० चे ७.२ टक्के, जेमतेम २,२०० डॉलर पुरले.

हा आकडा मनात पक्का ठेवा. चार्टवर डोंगरासारखी दिसणारी कांडी एका माणसाच्या एका ऑर्डरनेही उभी राहू शकते.

सूत्राचा आणखी एक उपयोग आहे. भाव पंधरा टक्के वाढला, पण निव्वळ खरेदी फक्त १,१०० डॉलरची दिसते, असे झाले तर पूलमधली अर्धी लिक्विडिटी मधल्या काळात कोणीतरी काढून घेतली असण्याची शक्यता मोठी. `LIQUIDITY` चा आधीचा आणि आताचा आकडा लगेच ताडून पाहा. पूल रिकामा होत असताना झालेला ब्रेकआउट मी कधीच घेत नाही.

दुसरी पायरी: एकूण उलाढालीतून निव्वळ खरेदी वेगळी करा

त्याच पानावर `BUY VOL` आणि `SELL VOL` असतात. कालावधी `1H` ठेवा. समजा आपल्या टोकनची तासाभराची उलाढाल ४१,००० डॉलर दिसते: खरेदी २१,६००, विक्री १९,४००. फरक २,२००, पहिल्या पायरीतल्या हिशेबाइतकाच. उरलेले ३८,८०० डॉलर इकडून तिकडे फिरले आणि भाव हलवण्यात त्यांचा काहीच वाटा नव्हता.

एवढा पैसा फिरवायला फार खर्च येतो, असे पुष्कळांना वाटते. व्ही२ पूलची फी ०.३ टक्के असते, म्हणजे ४१,००० वर १२३ डॉलर. ही फी मुख्यतः लिक्विडिटी पुरवणाऱ्यांना मिळते. पूल टोकन काढणाऱ्याचाच असेल तर ती बहुतांश त्याच्याच खिशात परत येते. गॅस-खर्च सोडला तर हा डोंगर जवळपास फुकटात उभा राहतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बोस्टनच्या सरकारी वकिलांनी अशाच प्रकारांसाठी १८ व्यक्ती आणि संस्थांवर आरोप ठेवले. त्या तपासात एफबीआयने स्वतःच नेक्सफंडएआय नावाचे टोकन काढले होते. त्यात खोटी उलाढाल करून देण्याची तयारी दाखवणारे व्यावसायिक 'मार्केट मेकर' असे जाळ्यात सापडले.

खरेदी भरपूर आणि विक्री जवळपास शून्य, असे दिसले तर धोका वेगळा आहे. टोकनच्या करारातच विक्री अडवलेली असू शकते. पाच-दहा डॉलरचे टोकन घेऊन लगेच विकून पाहा. विकले गेले नाही तर तिथेच थांबा. एकदा चालले म्हणून विक्रीची वाट कायम उघडी राहील, असे मात्र समजू नका.

तिसरी पायरी: वॉलेट मोजा

`TXNS` आणि `MAKERS` हे आकडे शेजारी ठेवा. १८६ व्यवहार आणि ७ वॉलेट, असे असेल तर तेच सात जण आपापसांत देवाणघेवाण करत आहेत. व्यवहारांची यादी उघडली की रकमा एकसारख्या आणि वेळा ठरावीक अंतराने दिसतात.

आता त्याच पूलमधला दुसरा दिवस घ्या. उलाढाल फक्त ९,५०० डॉलर: खरेदी ६,१००, विक्री ३,४००. व्यवहार ७४, वॉलेट ५२, रकमा चाळीसपासून चारशेपर्यंत विखुरलेल्या. निव्वळ खरेदी २,७००, म्हणून भाव त्याच ०.०२० वरून सुमारे १९ टक्के वाढून ०.०२३८ वर गेला. कांडी पहिल्या दिवसाच्या पावपटही नाही, तरी मी विचार करीन तो याच ब्रेकआउटचा.

पण ५२ वॉलेट म्हणजे ५२ माणसे, हेही गृहीत धरू नका. त्यातली सहा-सात निवडून ईथरस्कॅन किंवा सोलस्कॅनवर त्यांचा सर्वांत पहिला व्यवहार पाहा. गॅससाठीचे पैसे सगळ्यांना एकाच पत्त्यावरून, एकाच दुपारी आले असतील तर मालक एकच समजा. वॉलेट जुनी असतील आणि पैसे मोठ्या एक्स्चेंजमधून आले असतील तर हा माग तिथेच तुटतो. म्हणून पुढची पायरी टाळता येत नाही.

चौथी पायरी: भाव परत येईपर्यंत थांबा

फुटल्यावर लगेच उडी घेऊ नका. दुसऱ्या दिवसाच्या उदाहरणात पुढच्या तीन तासांत नफा काढणाऱ्यांनी निव्वळ २,३५० डॉलरची विक्री केली आणि भाव ०.०२०५ पर्यंत आला. विक्री हळूहळू आटली, जुन्या अडथळ्याच्या किंचित वर नव्या वॉलेटनी खरेदी सुरू केली आणि पूलची लिक्विडिटी जागच्या जागी राहिली. इथे आत जाण्याला आधार आहे.

खोट्या ब्रेकआउटमध्ये कांडी पाहून धावलेले नवखे दीड-दोन हजार डॉलर घालतात आणि खोटी उलाढाल फिरवणारा आपली टोकने त्यांनाच विकतो. मग खरेदी चालू असूनही भाव चढत नाही, आणि उलाढाल थांबताच तो ०.०२० च्या खाली घसरतो. तासाची कांडी तिथे बंद झाली की ब्रेकआउट मोडला असे समजून मी बाहेर पडतो.

पाचवी पायरी: आपली ऑर्डर मोजा

पहिल्या पायरीचे सूत्र आपल्यालाही लागू आहे. ३०,००० च्या बाजूवर तुम्ही १,००० डॉलरची खरेदी केलीत तर भाव तुम्हीच जवळपास ७ टक्के वर नेलात, आणि घाईत बाहेर पडताना तसाच खाली आणाल. मी एका बाजूच्या एक टक्क्यावर जात नाही; इथे ३०० डॉलर, म्हणजे भावावर २ टक्क्यांचा परिणाम.

भारतात कर भरणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. सहा खोट्या ब्रेकआउटमध्ये ३०० डॉलर गेले आणि चार खऱ्यांत ४०० मिळाले, तर कर १०० वर नव्हे, पूर्ण ४०० वर, म्हणजे १२० डॉलर. हातात येतो २० डॉलरचा तोटा.