जळगावात खोली घेतलीत? मग फॅमिली प्लॅन कुणाबरोबर घ्यायचा ते आधी ठरवा

मी मूळचा मिरजेचा. नोकरीमुळे जळगावात आलो, त्याला 16 वर्षं झाली. आमच्याकडची पोरं इथं एमआयडीसीत किंवा कॉलेजात आली की कुणाच्या तरी ओळखीनं माझ्याकडे येतात. खोली कुठं बघायची, मेस कुठली लावायची, शेवभाजीचा रस्सा डोक्यात गेला तर काय करायचं (काही नाही, महिन्याभरात सवय होते), हे सगळं सांगून होतं. हल्ली त्यात एक प्रश्न वाढलाय: ‘काका, खोलीत चौघं आहोत, यूट्यूब प्रीमियम वाटून घेतलं तर चालतं का?’

चालतं, पण पैशाच्या आधी पत्ता बघायचा. यूट्यूबच्या फॅमिली प्लॅनमध्ये मॅनेजर, म्हणजे ज्याच्या खात्यावर प्लॅन घेतला तो, धरून सहा जण बसतात, आणि अट अशी की बाकीचे पाचही मॅनेजरच्याच घरात राहणारे हवेत. दर 30 दिवसांनी यूट्यूब हे आपोआप तपासतं. म्हणजे गणेश कॉलनीतल्या एका खोलीत राहणारे तुम्ही चौघं या अटीत बसता, आणि सख्खा भाऊ सांगलीत असेल तर तो बसत नाही. आपल्याला हे उलटं वाटतं, कारण आपल्या लेखी घर म्हणजे माणसं. त्यांच्या लेखी घर म्हणजे पत्ता. स्पॉटिफायच्या फॅमिली प्लॅनलाही एकच पत्ता लागतो. नेटफ्लिक्सनं भारतात 2023 च्या जुलैपासून हेच धोरण लावलंय: एक खातं एका घरापुरतं, आणि ते घर कुठलं हे टीव्हीच्या इंटरनेट जोडणीवरून ठरतं. मिरजेच्या घरचं नेटफ्लिक्स जळगावच्या खोलीतल्या टीव्हीवर लावलंत तर कधी ना कधी कोड मागितला जातो. तो कोड खातं असलेल्याच्या मेलवर किंवा फोनवर जातो आणि थोडाच वेळ चालतो. मग रात्री अकराला वडिलांना उठवायचं.

आता पैशाचं. 2024 च्या ऑगस्टमध्ये यूट्यूबच्या फॅमिली प्लॅनचा दर महिना 189 वरून 299 रुपये झाला, आणि एकट्याचा प्लॅन 149 झाला. म्हणजे दोघांनी मिळून फॅमिली घेतला तर 299, आणि दोघांनी वेगवेगळा घेतला तर 298. दोघांत काहीच वाचत नाही! तिघं असतील तर माणशी जवळपास शंभर, चौघांत पंचाहत्तरच्या आसपास.

माझ्या शेजारच्या खोलीत मागच्या वर्षी चौघं होते: लातूरचा, बार्शीचा, एक इस्लामपूरचा आणि एक इथलाच, यावलचा. सहा महिन्यांचे 1794 रुपये होतात, म्हणून प्रत्येकी 450 आधीच काढून ठेवले. मॅनेजर कोण, यावर वाद झाला. मी सांगितलं, ज्याचं शिक्षण किंवा नोकरी इथं सगळ्यात जास्त काळ चालणार, तो. कारण मॅनेजर खोली सोडून गेला की उरलेल्यांचा पत्ता आणि त्याचा पत्ता एक राहत नाही, आणि सगळा प्लॅनच अटीबाहेर जातो. त्यांनी यावलच्या पोराला केलं. दर महिन्याला पैसे त्याच्या खात्यातून ऑटोपेनं कटायचे. कटण्याच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो. तो आला की बाकीचे तिघं शिल्लक आहे का विचारायचे, तेवढीच मजा.

पण खरा घोटाळा पुढे झाला. इस्लामपूरच्या पोराच्या फोनमधली जागा भरली. बहिणीनं गावाकडे गूगल वनची, म्हणजे फोटो आणि मेल ऑनलाइन साठवायची, जागा घेतली होती, आणि ती तिच्या कुटुंबात वाटता येत होती. त्या जागेला एकाच घरात राहण्याची अट नाही, फक्त सगळे एकाच देशात हवेत. म्हणजे इस्लामपूरची बहीण आणि जळगावचा भाऊ बिनधास्त बसले असते. बसले नाहीत, कारण यूट्यूबचा फॅमिली प्लॅन आणि गूगल वनची वाटणी दोन्ही एकाच गूगल फॅमिली ग्रुपवर चालतात, आणि एक माणूस एका वेळी एकाच ग्रुपमध्ये राहू शकतो. हा पठ्ठ्या खोलीतल्या ग्रुपमध्ये अडकलेला. बाहेर पडता येतं, पण ग्रुप 12 महिन्यांत एकदाच बदलता येतो. त्यानं खोलीचा ग्रुप सोडला, बहिणीचा धरला, आणि यूट्यूबवर परत जाहिराती आल्या. दोन महिन्यांनी परत खोलीच्या ग्रुपमध्ये यायला बघितलं तर दार बंद.

म्हणून नव्यानं येणाऱ्याला मी आधी हेच विचारतो: घरच्या ग्रुपमध्ये आधीच आहेस का, आणि तिथून तुला जागा मिळते का? मिळत असेल तर मुख्य खातं तिथंच ठेव. खोलीच्या ग्रुपसाठी दुसरं जीमेल वापर. यूट्यूब त्या खात्यानं बघायचं, फोटो आणि मेल पहिल्यावर राहतात. आधी बघितलेले व्हिडिओ आणि चॅनलची यादी नव्या खात्यात येत नाही, एवढा तोटा सोसावा लागतो.

अजून एक. सामील होताना तुम्हाला फक्त आमंत्रण येतं, प्रत्येकाचं खातं आणि पासवर्ड स्वतःचाच राहतो. कुणी ‘तुझा पासवर्ड दे, मी जोडून देतो’ म्हटलं, किंवा टेलिग्रामवर ‘फॅमिली स्लॉट’ वर्षाला दोन-चारशेत विकायला काढला, तर तो तुमच्या घरातला नाही एवढं उघड आहे. मीही एकदा असा स्लॉट घेतला होता, वेगळ्याच सेवेचा. तिसऱ्या महिन्यात बंद पडला आणि विकणाऱ्याचा नंबरही. तक्रार करायला जागा नव्हती, कारण अट मीच मोडली होती. परदेशातला स्वस्त दर दाखवून देणारेही असतात. तिथं देश खोटा सांगितलेला असतो, आणि तेही अटीत बसत नाही.

मे महिन्यात पोरं गावी जातात. जळगावचं ऊन बघता बरोबरच आहे. दोन-तीन आठवडे बाहेर असलं म्हणून घर बदलत नाही, पण दोन-दोन महिने गावीच राहून प्लॅन इथला वापरायचा असेल तर ते अटीबाहेरचं. घर वेगळं दिसलं की यूट्यूब मेल पाठवतं आणि 14 दिवसांची मुदत देतं. नंतर त्या माणसाचं प्रीमियम थांबतं. ग्रुपमध्ये नाव तसंच राहतं, फक्त जाहिराती सुरू. मेल प्रमोशनच्या कप्प्यात पडलेला असतो, तेव्हा तिथं अधूनमधून बघत जा.

आणि खोली सोडायची वेळ आली, तर आधी हिशोब आणि मग ग्रुप, या क्रमानं करा. लातूरचा पोरगा चौथ्या महिन्याच्या शेवटी पुण्याला गेला. त्याचे दोन महिन्यांचे 150 उरलेल्या तिघांनी पन्नास-पन्नास काढून परत दिले, आणि मगच यावलच्या पोरानं त्याला ग्रुपमधून काढलं. बहिणीच्या जागेवर बसलेल्या पोरानं मात्र कधी तो ग्रुप सोडलाच, तर आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्यावेत. बाहेर पडलं की स्वतःचे फुकटचे 15 जीबीच उरतात. त्यापेक्षा जास्त साठा असला की नवीन मेल येणं थांबतं, आणि दोन वर्षं तसंच राहिलं तर गूगल साठवलेलं सगळं पुसू शकतं.